नव्या घराला महिन्याला किती युनिट लागतील? धायरीतल्या एका रो-हाऊसचं प्रकरण

(नावं बदलली आहेत. मी घरगुती वायरिंग आणि वीजवापर तपासणीची कामं करतो. हे काम माझ्याकडे ओळखीतून आलं होतं.)

पार्श्वभूमी

सुहास आणि मेधा कर्वेनगरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये नऊ वर्षं राहिले. घरात सुहासची आई आणि नववीतली मुलगी, म्हणजे एकूण चार माणसं. धायरीत रो-हाऊस घेतलं आणि दिवाळीच्या तोंडावर तिथे राहायला जायचं ठरलं. गच्ची स्वतःची असल्यामुळे सोलर बसवायचा विचार आधीपासून होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटपर्यंत ७८,००० रुपये अनुदान मिळतं. त्यापुढे क्षमता कितीही वाढवली तरी अनुदान तेवढंच राहतं. त्यामुळे ३ घ्यायचं की ५, हा प्रश्न पैशांच्या दृष्टीने छोटा नव्हता. त्यांना मिळालेल्या कोटेशनमध्ये या दोन पर्यायांत सव्वा लाखाचा फरक होता.

सोलरवाला नेहमी आधी मागच्या बारा महिन्यांची बिलं मागतो. नव्या घराला बिलंच नसतात, म्हणून सुहासने अंदाज स्वतः काढायचं ठरवलं.

अडचण: ९९२ युनिट

सुहास एका आयटी कंपनीत आहे, त्यामुळे एक्सेल उघडायला वेळ लागला नाही. सूत्र सगळ्यांना माहीत असलेलंच:

```
वॅट × रोजचे तास × ३० ÷ १००० = महिन्याचे युनिट
```

प्रत्येक वस्तूच्या मागची प्लेट वाचून त्याने वॅट भरले आणि तास मनाने टाकले. गीझर दोन, प्रत्येकी २००० वॅट, सकाळी दीड तास चालू, म्हणून १८० युनिट. फ्रिज १६० वॅट आणि चोवीस तास, ११५ युनिट. दीड टनाचा एसी १६५० वॅट आणि रात्रीचे आठ तास, ३९६ युनिट. पाच पंखे ७५ वॅटचे, बारा तास, १३५ युनिट. वॉशिंग मशीन २००० वॅट, रोज एक तास, ६० युनिट. त्यात दिवे, टीव्ही, मोटर, मिक्सर वगैरे धरून बेरीज झाली ९९२.

सोलरवाल्याला तो आकडा कळवल्यावर तो म्हणाला, "तुमच्या हिशोबाने आठ किलोवॅट लागतंय, पण पाच तरी घ्याच." पुण्यात १ किलोवॅटमागे वर्षाच्या सरासरीने महिन्याला साधारण १२० युनिट धरतात, तेव्हा त्याचं गणित चुकीचं नव्हतं. चूक त्याच्या हातात आलेल्या आकड्यात होती.

सुहासने ती शीट मला पाठवली आणि विचारलं, "काका, हे बरोबर आहे का बघा ना." मी उलट त्यालाच विचारलं, "कर्वेनगरच्या घराचं बिल किती युनिटचं यायचं?"

वर्षाची सरासरी १९० होती.

तीच चार माणसं, त्याच सवयी, आणि नुसतं घर बदललं म्हणून वापर पाचपट होणार? सुहासचं म्हणणं होतं की जुनं घर लहान, तिथे एसी नव्हता, अंघोळीचं पाणी सोसायटीच्या सोलरचं, म्हणून तुलना करता येणार नाही. ते खरं होतं, पण अर्धंच. जुनं बिल तसंच्या तसं वापरता येत नसलं तरी त्यात काय नवं जोडलं जाणार आणि काय कमी होणार, हे मांडता येतं. हे सुरुवातीलाच केलं असतं तर ९९२ हा आकडा कुणाला दाखवायची वेळच आली नसती.

कुठे चुकलं: तास कुणाचे मोजायचे?

सूत्रात काहीच खोट नाही. घोटाळा 'तास' या शब्दात आहे. दिवा, टीव्ही, पंखा यांचे तास म्हणजे स्विच चालू असल्याचे तास. गीझर, फ्रिज, इस्त्री, एसी यांच्यात मात्र थर्मोस्टॅट असतो. स्विच चालू असला तरी यंत्र आपलं काम झालं की थांबतं आणि गरज पडली की पुन्हा चालू होतं. अशा वस्तूंच्या बाबतीत घड्याळ बाजूला ठेवून त्यांना काम किती पडतं ते मोजावं लागतं.

गीझरचंच घ्या. एक लिटर पाणी एक अंश तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. वीस लिटरची बादली २५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत न्यायची तर २० × १५ × १.१६, म्हणजे साधारण ३५० वॅट-तास. थोडक्यात, एका बादलीला एक तृतीयांश युनिट. डिसेंबरात टाकीतलं पाणी २० अंशांवर येतं, तेव्हा हीच बादली जवळपास अर्धा युनिट खाते. एप्रिलमध्ये गच्चीवरची टाकी तापलेली असते, तेव्हा पाव युनिटाच्या जरा वर. टाकीत आणि पाइपमध्ये उरून थंड होणाऱ्या पाण्यासाठी मी वर पंचवीस टक्के धरतो. चार माणसांच्या चार बादल्यांचे पावसाळ्यात महिन्याला ५२, थंडीत ७० आणि उन्हाळ्यात ४२ युनिट झाले. सुहासचे १८० म्हणजे रोज जवळजवळ चौदा बादल्या!

फ्रिजच्या प्लेटवरचे १६० वॅट हा कॉम्प्रेसर चालू असतानाचा आकडा. दिवसाचा बराच वेळ तो बंदच असतो. म्हणून फ्रिजची प्लेट वाचायची नाही, दारावरचं स्टार लेबल वाचायचं. त्यावर वर्षाचे युनिट छापलेले असतात. यांच्या फ्रिजवर २१० होते, म्हणजे महिन्याला साडेसतरा. लेबलवरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. आपल्या स्वयंपाकघरात दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं आणि गरम भाताचं पातेलंही आत जातं, म्हणून मी २५ धरले. ११५ ला तरीही काही आधार नव्हता.

वॉशिंग मशीनचे २००० वॅट त्यातल्या हीटरचे आहेत. ही मंडळी थंड पाण्यातच कपडे धुतात, फक्त रविवारी चादरी गरम पाण्यात. महिन्याला आठ युनिटांत काम भागतं.

आता उलट बाजू. सुहासच्या शीटमध्ये काही वस्तू नव्हत्याच, कारण त्या कुणी 'चालू' करत नाही. वायफाय राउटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आणि चार कॅमेरे, इन्व्हर्टर, सेट-टॉप बॉक्स. प्रत्येक दहा, वीस, तीस वॅटचं, बघून कुणी मनावर घेणार नाही. सगळ्यांचे मिळून मी ८० वॅट धरले. चोवीस तास, तीस दिवस म्हणजे ५८ युनिट. फ्रिजच्या दुपटीहून जास्त, आणि शीटवर शून्य.

पर्याय

सप्टेंबरमध्ये आम्ही तिघं बसलो तेव्हा समोर तीन वाटा होत्या.

पहिली, सोलरवाल्याचं ऐकून ५ किलोवॅट घेणं. "जास्त वीज झाली तर महावितरणला जाईल की," असं सुहासच्या आईंचं मत होतं. ती जाते खरी. महिन्याच्या हिशोबात उरलेले युनिट पुढच्या महिन्यात वळतेही होतात. पण वर्षअखेरीस जे उरतात त्यांना मिळणारा दर, आपण वाचवलेल्या युनिटच्या दरापेक्षा बराच कमी असतो. सव्वा लाख त्यासाठी घालायचे का, हा प्रश्न होता.

दुसरी, वर्षभर थांबून बिलं जमवणं. सर्वांत खात्रीची वाट, पण त्या वर्षाची बिलं पूर्ण भरावी लागणार.

तिसरी वाट अशी की अंदाज नीट दुरुस्त करायचा, राहायला गेल्यावर दीड-दोन महिने मीटरवर पडताळायचा आणि जानेवारीत ठरवायचं. मेधाने हीच धरली. तिचं म्हणणं साधं होतं: "दोन महिन्यांत असं काय बिघडणार आहे?"

दुरुस्त अंदाज

वर्षाची एकच सरासरी काढण्याऐवजी आम्ही तीन ऋतूंचे तीन महिने वेगळे मांडले. पुण्यात हे केल्याशिवाय अंदाज बसत नाही. इथे एसी बारा महिने लागत नाही, आणि गीझर व एसी एकमेकांच्या उलट ऋतूंत जोर धरतात.

ऋतूने न बदलणारा वापर असा आला: सतत चालू वस्तू ५८, फ्रिज २५, मोटर २०, दिवे १४, टीव्ही १३, मेधाचा घरून कामाचा लॅपटॉप ११, वॉशिंग मशीन ८, आणि इस्त्री-मिक्सर-मायक्रोवेव्ह मिळून २४. एकूण १७३. (मायक्रोवेव्हबद्दल एक सांगतो. डब्यावर मोठ्या अक्षरांत ८०० वॅट लिहिलेले असतात, ते अन्नाला मिळणारे. भिंतीतून तो १२०० च्या आसपास ओढतो. मागची बारीक अक्षरं वाचावीत.)

पंखे नवे, बीएलडीसी, ३२ वॅटचे घेतले होते. सुहासने सवयीने जुन्या पंख्याचे ७५ लिहिले होते. पाचही पंखे एका वेळी चालत नाहीत, म्हणून आम्ही घरातले एकूण पंखा-तास मोजले: उन्हाळ्यात रोज ६०, पावसाळ्यात ४०, थंडीत १५.

एसीसाठी पुन्हा लेबल पाहिलं. त्यावर वर्षाला ७६० युनिट होते आणि हा आकडा वर्षाच्या १६०० तासांसाठी असतो. भागाकार केला की तासाला पाऊण तर सोडाच, अर्ध्या युनिटाहूनही थोडं कमी येतं. हा इन्व्हर्टर एसी आहे, खोली गार झाली की कॉम्प्रेसर मंदावतो. पण वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री दहापर्यंत तापलेला असतो, म्हणून मी ०.६ धरले. सात तासांचे ४.२, महिन्याला १२६. तेही एप्रिल, मे आणि अर्धा मार्च एवढ्यापुरतंच.

| महिना | कायमचा वापर | पंखे | गीझर | एसी | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| थंडी | १७३ | १४ | ७० | ० | २५७ |
| पावसाळा | १७३ | ३८ | ५२ | ० | २६३ |
| एप्रिल-मे | १७३ | ५८ | ४२ | १२६ | ३९९ |

मार्च अर्धा एसीचा धरून ३३६. वर्षाचे झाले ३,४७७, सरासरी २९०.

मग जुन्या बिलाने पडताळा घेतला. १९० मध्ये गीझरचे वर्षाच्या सरासरीने ५५, मोटरचे २०, कॅमेऱ्यांचे २२, एसीची वर्षभराची सरासरी २६ मिळवले आणि नव्या पंख्यांमुळे वाचणारे ४० वजा केले. २७३ आले. दोन वेगळ्या वाटांनी गेलो आणि जवळजवळ एकाच ठिकाणी पोचलो, म्हणून मी त्या २९० वर भरवसा ठेवायला तयार झालो.

राहायला गेल्यावर

पहिलं बिल आलं ते ४१५ युनिटचं. सुहासचा फोन आला, आवाजात 'बघा, मी म्हणत होतो' असा सूर होता. मी बिलावरच्या मागच्या आणि चालू रीडिंगच्या तारखा वाचायला सांगितल्या. मधे ३८ दिवस होते. ४१५ ला ३८ ने भागून ३० ने गुणलं की ३२८. म्हणजे घाबरण्यासारखं नव्हतं, पण माझ्या २५७ पेक्षा ७१ ने जास्तच होतं. एवढा फरक 'अंदाजच तो' म्हणून सोडून देता येत नाही. कुठला तरी आकडा चुकला होता आणि तो शोधायला हवा होता.

इथे मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा कामाला येतो. त्याच्याजवळ `3200 imp/kWh` असं छापलेलं असतं. (काही मीटरवर आकडा वेगळा असतो, आपला वाचून घ्यावा.) म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. त्यावरून या मीटरवर पाच मिनिटांतली एक लुकलुक म्हणजे पावणेचार वॅट.

एका रविवारी सकाळी आम्ही फ्रिजसकट सगळं बंद केलं, फक्त 'कायम चालू' मंडळी ठेवली. मुलगी मोबाईलवर वेळ लावून मोजत होती. पाच मिनिटांत ३५ लुकलुक. म्हणजे १३१ वॅट, मी धरले होते ८०. मग इन्व्हर्टर भिंतीतून बंद केला आणि पुन्हा मोजलं. १९. एकटा इन्व्हर्टर ६० वॅट ओढत होता. त्याची बॅटरी कर्वेनगरहून आणलेली, सहा वर्षांची. म्हातारी बॅटरी चार्ज धरत नाही, मग चार्जर तिला सतत पाजत राहतो. बॅटरीला हात लावून पाहिला तर कोमट लागली, तेही लक्षणच. उरलेले ७१ वॅटही अंदाजापेक्षा जास्त होते, कारण रेकॉर्डरमधली हार्डडिस्क मी हिशोबात घेतली नव्हती. ५१ वॅटचा हा फरक महिन्याला ३७ युनिटांचा.

उरलेले ३४ युनिट मेधाने शोधले. तिने सलग तीन दिवस सकाळी साडेसहाला आणि साडेआठला मीटरचं रीडिंग लिहिलं. इतर वापर वजा करून गीझरचे रोज साडेतीन युनिट येत होते. माझ्या थंडीच्या हिशोबाने २.३ हवे होते. चार माणसांच्या चार बादल्या मी धरल्या होत्या, पण वरच्या मजल्यावर २५ लिटरचा गीझर आणि शॉवर आहे, आणि नववीतली मुलगी बादलीला हात लावत नाही. मिनिटाला आठ लिटरचा शॉवर आठ मिनिटं चालला की तीन बादल्या झाल्या. चारच्या जागी सहा बादल्या, आणि हिशोब जुळला.

माझी चूक सरळ होती. 'तुमच्याकडे अंघोळ कशी करतात?' हे मी आईंना विचारलं, मुलीला विचारलं नाही.

काय ठरलं

इन्व्हर्टरची बॅटरी बदलली, तो २५ वॅटवर आला. शॉवर बदलायचा नाही, असं घरात एकमताने (म्हणजे मुलीच्या मताने) ठरलं. सुधारलेला वार्षिक अंदाज ३,९४० युनिट, महिन्याला ३२८. ३ किलोवॅट सोलर वर्षाला साधारण ४,३०० देईल, म्हणून जानेवारीत ३ किलोवॅट पक्कं झालं. गच्चीवर आणखी दोन पॅनल बसतील एवढी मोकळी जागा मुद्दाम ठेवून घेतली.

वर्षानंतर

नोव्हेंबर ते ऑक्टोबर घराचा एकूण वापर ४,०१० युनिट झाला. (सोलर बसल्यावर हा आकडा थेट बिलावर दिसत नाही. महावितरणकडून घेतलेले युनिट, अधिक सोलरने बनवलेले, वजा बाहेर पाठवलेले, असा तो काढावा लागतो. नुसतं बिल पाहून 'वापर कमी झाला' म्हणणारे बरेच भेटतात.)

३,९४० च्या अंदाजासमोर ४,०१० हे दोन टक्क्यांच्या आत आहे. त्याबद्दल मी फार फुशारकी मारणार नाही. आतल्या ओळी पाहिल्या तर मे महिना अंदाजापेक्षा बराच वर गेला, कारण आईंना दुपारीही एसी लागू लागला. जुलै-ऑगस्टमध्ये पंखे मी धरले त्याच्या निम्मेच चालले. चुका दोन्ही बाजूंना होत्या म्हणून बेरीज बरी दिसते. आम्ही पडताळा थंडीत घेतला, त्यामुळे एसीचा आकडा शेवटपर्यंत कागदावरचाच राहिला. पुन्हा असं काम आलं तर उन्हाळ्याच्या ओळीवर मी वेगळी वीस टक्के वाढ धरीन, आणि दुपारी घरात कोण असतं हे आधी विचारीन.

आणखी एक गोष्ट विचारायची राहिली: पुढच्या दोन वर्षांत घरात काय नवं येणार आहे? या दसऱ्याला सुहासने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. ऑफिसला जाऊन-येऊन वीस किलोमीटर, चार्जरमधली गळती धरून रोज पाऊण युनिटाच्या आसपास, महिन्याला २० ते २५. वर्षाचे हे पावणेतीनशे युनिट ४,०१० मध्ये मिळवले की ३ किलोवॅटच्या कडेला जाऊन टेकतात. मोकळ्या ठेवलेल्या जागेवर सध्या आईंचे पापड वाळतात.